केशरोपणानंतरच्या रजेचा अर्ज

केशरोपण ही आधी तारीख ठरवून करायची, डोक्याच्या त्वचेवरची शस्त्रक्रिया आहे. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या भागातले केस मुळांसकट काढले जातात आणि टक्कल पडलेल्या जागी बारीक छिद्रे पाडून त्यांत बसवले जातात. भूल त्या जागेपुरतीच दिली जाते. दोन-अडीच हजार मुळे बसवायला साधारण सहा ते आठ तास लागतात आणि रुग्ण त्याच संध्याकाळी चालत घरी जातो. असे चालत घरी जाता येते म्हणून अनेक नोकरदार शुक्रवारी शस्त्रक्रिया आणि सोमवारी कामावर असा बेत आखतात, एका दिवसाची रजा मागतात आणि रविवारी रात्री सुजलेल्या चेहऱ्याने साहेबांना फोन करतात. याउलट, केस पूर्ण वाढायला वर्ष लागते हे वाचून काही जण महिनाभराची मोघम सवलत मागतात आणि ती नाकारली जाते. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. अर्ज लिहिताना जखम भरण्याचे वेळापत्रक समोर ठेवलेले नसते. या वेळापत्रकातली प्रत्येक अवस्था कामातल्या कोणत्या गोष्टीच्या आड येते आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे नेमके सांगणारा अर्ज मंजूर करणे वरिष्ठांनाही सोपे जाते.

जखम भरण्याचा क्रम

शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती आहेत आणि अर्जातल्या तारखा पद्धतीनुसार बदलतात. एफयूई पद्धतीत साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या पोकळ सुईसारख्या हत्याराने एकेक मूळ सुटे काढतात. डोक्याच्या मागे असंख्य बारीक जखमा होतात, पण टाके नसतात. एफयूटी पद्धतीत मागच्या त्वचेची एक लांब पट्टी कापून काढतात, तिच्यातली मुळे सुटी करतात आणि कापलेली जागा शिवतात. हे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढले जातात. त्यानंतरही मान वाकवणे, वजन उचलणे, त्वचेवर ताण येईल अशी हालचाल करणे यांवर तीन-चार आठवडे बंधन असते. आपली पद्धत कोणती, हे डॉक्टरांकडून पक्के केल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नये.

बसवलेली मुळे पहिल्या दिवशी केवळ गोठलेल्या रक्ताच्या आधाराने छिद्रात टिकून असतात. ती किती दिवसांत घट्ट होतात हे २००६ साली रॉबर्ट बर्नस्टीन आणि विल्यम रासमन या अमेरिकी डॉक्टरांनी प्रत्यक्ष ओढून तपासले. पहिले दोन दिवस केस ओढला की मूळ हमखास बाहेर येत होते. सहाव्या दिवसापर्यंत केस ओढून मूळ निघणे थांबले. मुळाभोवती धरलेली खपली ओढली तर मात्र धोका जास्त होता. पहिले पाच दिवस खपलीबरोबर मूळही निघत होते आणि नवव्या दिवसानंतर हा धोका उरला नाही. डोक्यावर काहीही घट्ट बसू न देण्याची बंधने पहिल्या नऊ-दहा दिवसांत सर्वांत कडक का असतात, ते यावरून कळते.

सुजेचा क्रम वेगळा असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी त्वचेखाली भरलेले द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. त्यामुळे सूज पहिल्या दिवशी फारशी दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कपाळावर येते, काहींच्या बाबतीत पापण्यांपर्यंत उतरते आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत ओसरते. ती टाळण्यासाठी पहिल्या काही रात्री डोके उंच ठेवून, अर्धवट बसल्यासारखे झोपावे लागते आणि झोप तुटक होते. शुक्रवारी शस्त्रक्रिया करून सोमवारी कामावर जाण्याचा बेत फसतो तो इथेच, कारण सोमवार हा सूज ऐन भरात असण्याचा दिवस ठरतो.

खपल्या साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी, रोजच्या हलक्या धुण्याने मऊ होऊन गळतात. त्यानंतर त्वचा काही आठवडे गुलाबी दिसते. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बसवलेले बहुतेक केस गळून पडतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, मुळे आत जिवंत असतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस फुटू लागतात. पूर्ण परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने लागतात. अर्जाच्या दृष्टीने यातला पहिला महिनाच महत्त्वाचा. गुलाबीपणा आणि केसगळती दिसायला खटकतात, पण त्यांनी काम अडत नाही, त्यामुळे त्यांच्या नावाने सवलत मागता येत नाही.

एक उदाहरण: चाकणचा कारखाना

हे वेळापत्रक कामाच्या भाषेत कसे आणायचे, ते एका कल्पित उदाहरणावरून नीट समजेल. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारा एक अभियंता धरू. तो चिंचवडला राहतो आणि दुचाकीने कामाला जातो. आठवड्याचे सहा दिवस काम, रविवारी सुट्टी. दिवसाचा निम्मा वेळ तो शॉप फ्लोअरवर असतो आणि तिथे सुरक्षा हेल्मेट सक्तीचे आहे. उरलेला वेळ मोजमापाच्या प्रयोगशाळेत जातो. अधूनमधून वजनदार नमुने उचलावे लागतात आणि महिन्यातून दोन-तीनदा पुरवठादारांकडे उन्हातान्हात फेरी असते. एफयूई पद्धतीने शस्त्रक्रिया करायची आहे आणि मनात ९ जानेवारी २०२६, शुक्रवार ही तारीख आहे.

या माणसाची खरी अडचण हेल्मेट आहे. कार्यालयात बसून काम करणारा माणूस दहाव्या दिवशी निर्धास्त कामावर जाऊ शकतो. याला मात्र दोन हेल्मेटे चुकवायची आहेत, एक रस्त्यावरचे आणि एक कारखान्यातले. दोन्ही कवट्या डोक्याला घट्ट बसण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्या काढता-घालताना त्वचा घासली जाते आणि आत घाम साचतो. नवव्या दिवसानंतर मुळे निघत नसली तरी कोवळ्या त्वचेवर रोजचा असा दाब आणि घर्षण दोन-तीन आठवडे तरी नको, असा सल्ला डॉक्टर देतात.

यावर हेल्मेटमधून सूट मागणारा अर्ज चुकीचा ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट घालणे बंधनकारक आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीने ते माफ होत नाही. कारखान्यातही हेल्मेट सक्तीच्या भागात कोणालाही उघड्या डोक्याने पाठवण्याची जोखीम व्यवस्थापक घेणार नाही आणि त्याने ती घेऊही नये. म्हणून मागणी उलट बाजूने मांडावी लागते. हेल्मेट लागणारच नाही अशा जागी काही दिवस काम मागायचे. या उदाहरणात अशी जागा हाताशी आहे. मोजमापाच्या प्रयोगशाळेचे तापमान वीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखलेले असते, कारण लांबी-रुंदीच्या अचूक मोजणीसाठी हेच प्रमाण तापमान मानले जाते. तिथे हेल्मेट लागत नाही, घाम येत नाही आणि ऊनही नाही. येण्याजाण्यासाठी दुचाकीऐवजी कंपनीची बस आहे. अर्जात या दोन गोष्टी नावानिशी लिहिल्या की वरिष्ठांना उपाय शोधत बसावे लागत नाही.

तारखा अशा बसतात. शस्त्रक्रियेचा शुक्रवार आणि त्यापुढचा बुधवार, १४ जानेवारीपर्यंतचे दिवस पूर्ण रजेचे, म्हणजे मधला रविवार सोडून कामाचे पाच दिवस. यात दुसऱ्या दिवशीची तपासणी, पहिले धुणे आणि सुजेचे दिवस येतात. गुरुवार ते शनिवार, १५ ते १७ जानेवारी, सूज ओसरलेली असते पण खपल्या ओल्या असतात. या तीन दिवसांत प्रवास टाळून घरून अहवाल लिहिता येतात. सोमवारी, १९ जानेवारीला, म्हणजे दहाव्या दिवशी कामावर हजर व्हायचे, पण ३१ जानेवारीपर्यंत प्रयोगशाळेतच काम करायचे. वजन उचलण्याचे बंधन २४ जानेवारीपर्यंत, कारण जड वजन उचलताना डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्याने रक्तस्राव किंवा सूज होऊ शकते. सोमवारी, २ फेब्रुवारीपासून सर्व काम नेहमीसारखे.

या माणसाला रात्रपाळीतूनही सूट मागण्याचा मोह होईल. पण दहाव्या दिवसानंतर रात्रपाळी टाळण्यासाठी जखमेशी जोडलेले कारण सहसा उरत नाही. जे मागण्याला कारण नाही ते मागितले, की ज्याला कारण आहे त्या मागणीवरचाही विश्वास कमी होतो.

कोणती रजा आणि कोणते प्रमाणपत्र

केशरोपणाची तारीख पुढे-मागे करता येते. त्यामुळे तिची सुट्टी आजारपणाच्या रजेपेक्षा अर्जित रजेत, म्हणजे ज्याला कारखान्यात पीएल म्हणतात तिच्यात, अधिक स्वच्छ बसते. कारखान्यातल्या कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळण्याचे प्रमाण १९४८ च्या कारखाने अधिनियमात होते आणि नव्या श्रम संहितेतही तेच आहे. पात्रतेसाठी वर्षात भरायचे दिवस जुन्या कायद्यात २४० होते, नव्या संहितेत ते १८० केले आहेत. जुन्या कायद्यात रजेचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी देण्याची अट होती आणि अनेक कारखान्यांचे नियम आजही तीच मुदत धरून चालतात. दुकाने व कार्यालये यांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या अधिनियमात अर्जित रजेबरोबर वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजाही आहे. आजारपणाची रजा बहुतेक खासगी ठिकाणी कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते आणि सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला ती चालते की नाही, हे त्या धोरणातच पाहावे लागते.

अर्जित रजा मंजूर करताना तारीख बदलून मागण्याचा अधिकार व्यवस्थापनाला असतो. म्हणून कामांचा क्रम उलटा होऊ देऊ नये. आधी रुग्णालयाशी बोलून दोन संभाव्य तारखा घ्याव्यात, मग अर्ज द्यावा, मंजुरी लेखी आल्यावरच आगाऊ रक्कम भरावी. मार्चअखेर, ग्राहकाचे ऑडिट, नव्या भागाचे उत्पादन सुरू होण्याचे दिवस आधीच टाळले, तर नकाराचे निम्मे कारण संपते. डिसेंबर-जानेवारीतली तारीख आणखी एका दृष्टीने सोयीची असते. घाम कमी येतो आणि ऊन सौम्य असते.

रजेला प्रमाणपत्र लागत नसले, तरी कामाच्या जागेतल्या बदलाला ते लागते. नुसते 'विश्रांती घ्यावी' असे लिहिलेले प्रमाणपत्र इथे उपयोगाचे नाही. त्यात बंधने आणि त्यांच्या तारखा हव्यात: डोक्यावर दाब येईल असे काही घालू नये, जड वजन उचलू नये, थेट उन्हात काम करू नये, आणि हे कधीपर्यंत. खाली डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे कंपनीने चौकशी केली तर तिची पडताळणी होऊ शकते. केशरोपण करून देणारी प्रत्येक जागा मात्र असे प्रमाणपत्र देऊ शकत नाही. ही शस्त्रक्रिया शल्यचिकित्सेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावी, कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. प्रमाणपत्रावर सही कोणाची असेल, हा प्रश्न आधी विचारला की कात्री कोणाच्या हातात असेल, हेही कळते.

कंपनीच्या गटविम्याचा उल्लेख अर्जात करू नये. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींमध्ये सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला अपवाद आहे. टक्कल झाकण्यासाठीच्या केशरोपणाचा खर्च सहसा स्वतःच करावा लागतो. विम्याचा दावा वेगळ्या नावाने घालण्याचा प्रयत्न केल्यास तो फसवणूक ठरतो आणि नोकरीवर बेतू शकतो.

किती सांगायचे

वरिष्ठांना दोनच गोष्टी कळणे आवश्यक असते: माणूस कोणत्या दिवशी नाही, आणि आल्यावर कोणते काम करू शकणार नाही. केशरोपण हा शब्द न लिहिताही त्या सांगता येतात. 'डोक्याच्या त्वचेवरील लहान, नियोजित शस्त्रक्रिया' हे वर्णन खरे आहे आणि पुरेसेही. हेल्मेट का नको, हेही त्यातून आपोआप कळते. नुसते 'वैयक्तिक कारण' लिहिले, तर हेल्मेटच्या मागणीला आधार राहत नाही. अपघात झाला, गाठ काढली असे खोटे लिहिणे त्याहून वाईट. दहाव्या दिवशी बारीक केलेले केस आणि कपाळावरच्या ठिपक्यांची रेषा सर्वांना दिसणार असते आणि एकदा पकडलेले खोटे पुढच्या प्रत्येक रजेवर सावट धरते.

मोठ्या कारखान्यांत कंपनीचे डॉक्टर असतात आणि शस्त्रक्रियेनंतर कामावर घेण्यापूर्वी ते तपासणी करतात. त्यांच्यापासून काही लपवू नये. काम सुरक्षित आहे की नाही हे ठरवायला त्यांना शस्त्रक्रिया कोणती, हे माहीत असावे लागते. अर्ज विभागप्रमुखांकडे जाईल आणि तपशील वैद्यकीय विभागाकडे, अशी विभागणी अर्जातच नोंदवून ठेवता येते. मोकळेपणाने केशरोपण असे लिहायलाही काहीच हरकत नाही. ते सांगायचे की नाही, हे कर्मचाऱ्याने ठरवायचे आहे.

अर्जाचा नमुना

वरच्या उदाहरणातल्या अभियंत्याचा अर्ज असा होईल:

दिनांक: १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गुणवत्ता विभाग.
प्रत: मनुष्यबळ विभाग, वैद्यकीय विभाग.

विषय: नियोजित शस्त्रक्रियेसाठी अर्जित रजा आणि कामाच्या जागेत तात्पुरता बदल मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या डोक्याच्या त्वचेवर शुक्रवार, ९ जानेवारी २०२६ रोजी एक लहान शस्त्रक्रिया करण्याचे नियोजन आहे. ती तातडीची नसल्याने आपल्या मंजुरीनंतरच तारीख निश्चित करणार आहे. त्या आठवड्यात विभागाची अडचण असल्यास २३ जानेवारी ही दुसरी तारीख उपलब्ध आहे. तसे झाल्यास खालील सर्व तारखा दोन आठवड्यांनी पुढे जातील.

१. दि. ९, १०, १२, १३ आणि १४ जानेवारी अशी कामाच्या पाच दिवसांची अर्जित रजा मिळावी. या काळात सूज असते आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात तपासणी आहे.

२. दि. १५ ते १७ जानेवारी हे तीन दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळावी. डिसेंबरच्या ग्राहक-तक्रारींचे अहवाल आणि पुरवठादारांच्या गुणांकनाचे काम मी या दिवसांत पूर्ण करीन. घरून काम शक्य नसल्यास हे तीन दिवसही अर्जित रजेत धरावेत.

३. सोमवार, १९ जानेवारी रोजी मी कामावर हजर होईन. दि. ३१ जानेवारीपर्यंत डोक्यावर दाब देणारे काही घालण्यास डॉक्टरांची मनाई आहे. म्हणून या काळात हेल्मेट सक्तीच्या भागात न पाठवता मोजमापाच्या प्रयोगशाळेतील काम द्यावे. बाहेरच्या पुरवठादारांच्या भेटी फेब्रुवारीत घेईन.

४. दि. २४ जानेवारीपर्यंत जड नमुने उचलण्याचे काम देऊ नये.

५. दि. १९ ते ३१ जानेवारी या काळासाठी चिंचवड मार्गावरील कंपनीच्या बसमध्ये जागा मिळावी.

शॉप फ्लोअरवरील माझे काम या काळात पाहण्यास माझ्याच गटातील सहकारी तयार आहेत. त्यांना ७ आणि ८ जानेवारी रोजी सर्व नोंदी समजावून देईन. बंधनांच्या तारखा नमूद केलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र शस्त्रक्रियेनंतर लगेच सादर करीन. १९ जानेवारी रोजी वैद्यकीय विभागात तपासणीसाठी उपस्थित राहीन आणि शस्त्रक्रियेचा तपशील तेथील डॉक्टरांना देईन. २ फेब्रुवारीपासून कोणतीही सवलत लागणार नाही.

कृपया २० डिसेंबरपर्यंत लेखी मंजुरी मिळावी, म्हणजे रुग्णालयाची तारीख घेता येईल.

आपला विश्वासू,
(सही, नाव, कर्मचारी क्रमांक)

नमुन्यात काय साधले आहे

या अर्जात रजा आणि सवलत यांची सरमिसळ नाही. पहिली दोन कलमे गैरहजेरीची आहेत, पुढची तीन कामावर आल्यानंतरची. व्यवस्थापक पहिली मंजूर करून दुसऱ्यांवर चर्चा करू शकतो. प्रत्येक कलमाला शेवटची तारीख आहे. 'काही दिवस हलके काम द्यावे' या वाक्यातली मुदत वाचणारा आपल्या भीतीप्रमाणे भरतो आणि ती नेहमी खरीपेक्षा मोठी असते.

दुसऱ्या कलमात पर्याय आधीच दिला आहे. कारखान्यात घरून काम करण्याची पद्धत नसते, ती मिळाली नाही तरी अर्ज अडून राहत नाही, रजा पाचाऐवजी आठ दिवसांची होते, एवढाच फरक. म्हणून अर्ज देण्यापूर्वी शिल्लक अर्जित रजा किमान आठ दिवस आहे, हे पाहून घ्यावे. मधल्या रविवारचाही हिशेब तेव्हाच पाहावा. काही कंपन्या दोन रजांच्या मधली सुट्टीही रजेत मोजतात. १९४८ च्या कायद्यातल्या अर्जित रजेत मधल्या सुट्ट्या धरत नसत. कंपनीचा नियम कोणता, ते मनुष्यबळ विभागाकडून आधी विचारून घेतलेले बरे.

कार्यालयात बसून काम करणाऱ्याचा अर्ज याहून लहान होईल. तिसऱ्या कलमाऐवजी त्याला फार तर दोन आठवडे सैल टोपी घालून बसण्याची परवानगी आणि व्हिडिओ बैठकांत कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा लागेल. शिक्षकाला मैदानावरच्या तासांतून सुटका लागेल. एफयूटी केलेल्याला टाके काढण्याच्या दिवशी अर्ध्या दिवसाची सवड आणि वजन उचलण्याच्या बंधनासाठी आणखी पंधरवडा लागेल. रचना तीच राहते, आपल्या कामात डोके, मान, ऊन आणि घाम यांचा संबंध कुठे येतो तेवढे शोधायचे.

मुदतवाढ मागावी लागली तर

बहुतेकांना ठरलेल्या दिवशी हजर होता येते. तरीही काही चिन्हांकडे दुर्लक्ष करून कामावर जाणे धोक्याचे असते. वेदना तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढू लागल्या, पू किंवा दुर्गंधी आली, ताप चढला, किंवा बसवलेल्या जागेतला त्वचेचा एखादा पट्टा काळा पडू लागला, तर ती जंतुसंसर्गाची किंवा रक्तपुरवठा तुटल्याची लक्षणे असू शकतात आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्रावही याच गटातला. डोक्याचा काही भाग बधिर वाटणे, खाज येणे, किंवा काही आठवड्यांनी मुळांशी बारीक पुटकुळ्या येणे हे मात्र नेहमीचे आहे. पुटकुळ्या वाढल्या तर औषध घ्यावे लागते, रजा सहसा लागत नाही.

गुंतागुंत झाली की रजेचे स्वरूप बदलते. नियोजित शस्त्रक्रिया अर्जित रजेत बसत होती, जंतुसंसर्ग हा आजार आहे आणि त्याला आजारपणाची रजा मागणे रास्त आहे. त्यासाठी नवा अर्ज द्यावा, जुन्यालाच दिवस जोडू नयेत. त्यात मूळ मंजुरीची तारीख, डॉक्टरांनी पुन्हा तपासल्याची तारीख, वाढवून हवे असलेले दिवस आणि पुढच्या तपासणीचा दिवस एवढे लिहावे आणि नवे प्रमाणपत्र जोडावे. किती दिवस लागतील हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नसेल, तर पुढच्या तपासणीपर्यंतचेच दिवस मागावेत आणि निकाल त्याच संध्याकाळी कळवण्याचे लिहून द्यावे. हा अर्ज रजा संपण्याच्या आदल्या दिवशी तरी पोहोचायला हवा. कळवल्याशिवाय वाढलेली गैरहजेरी विनापरवाना धरली जाते आणि नंतर दिलेले प्रमाणपत्र ती पूर्ण पुसून टाकत नाही.

सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले, तर शेवटची नोंद २ फेब्रुवारीला द्यायची असते. डॉक्टरांची बंधने संपली आहेत, हेल्मेट घालून शॉप फ्लोअरवर काम सुरू केले आहे आणि बसमधली जागा मोकळी केली आहे, एवढ्या तीन ओळी विभागप्रमुखांना आणि मनुष्यबळ विभागाला लेखी कळवाव्यात. त्या पोहोचल्या की तात्पुरता बदल कागदावरही संपतो, आणि 'हलक्या कामाचा माणूस' अशी नोंद पुढे चालू राहत नाही.